प्रतिक्रिया: कपात काय आहे हे कोणाला माहीत असावं?

«कॉफीने स्मरणशक्ती वाढते का, हा प्रयोग वर्गात करतोय. कोणता कप मिळाला ते मुलांना सांगणार नाही. एवढं पुरेसं आहे ना?»

हे सिंगल ब्लाइंड झालं, म्हणजे फक्त मुलांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ‘मी कॉफी घेतलीय, म्हणजे जास्त शब्द आठवायला हवेत’ हा मुलांवरचा दबाव त्याने कमी होतो, पण तुमच्यावरचा नाही. रोझेंथाल आणि फोड या संशोधकांनी 1963 मध्ये 12 विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले, सांगताना मात्र निम्म्यांना ‘हुशार’ आणि निम्म्यांना ‘मठ्ठ’ म्हटलं. चक्रव्यूहात ‘हुशार’ उंदीरच सरस ठरले! तुमच्याकडूनही तसंच होईल: एखाद्याला दोन सेकंद जास्त मिळतील, ‘पाऊस’ऐवजी ‘पावसाळा’ लिहिलेलं बरोबर धराल.

म्हणून कप तिसऱ्याने भरावेत. समजा 40 मुलं आहेत, तर 40 चिठ्ठ्या टाकून 20 कप साध्या कॉफीचे, 20 कॅफिन काढलेल्या कॉफीचे, आणि प्रत्येकावर वेगळा क्रमांक. सगळ्या साध्या कॉफीला ‘अ’ आणि दुसरीला ‘ब’ लिहू नका. एका मुलाचं गुपित फुटलं की सगळ्यांचं फुटतं. कोणत्या क्रमांकात काय याची यादी बंद लिफाफ्यात, उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत.

खरी अडचण पुढे आहे. छातीत धडधड झाली की मूल ओळखतंच. त्यामुळे शेवटी प्रत्येकाला विचारा: कोणता कप होता, आणि आम्ही काय शोधत होतो असं वाटलं? तुम्हीही अंदाज लिहा. नुसत्या नशिबाने साधारण 20 बरोबर येतील. 32 आले तर पडदा फाटलाय, आणि ते अहवालात लिहायलाच हवं.