एकाच बाटलीतला स्टॅफ ऑरियस आणि ‘नमुना दूषित’चा शिक्का

“ब्लड कल्चरच्या चारपैकी एकाच बाटलीत स्टॅफिलोकोकस ऑरियस आला तर घाबरू नका. हा जंतू सगळ्यांच्या त्वचेवर असतो, रक्त घेताना नमुन्यात शिरतो. ताप उतरला, सलाइनची सुई काढली, पुढचं कल्चर निगेटिव्ह आलं की विषय संपला. इको, पाठीचा एमआरआय वगैरे उगाच वाढवलेल्या तपासण्या.”

असा एक मेसेज व्हायरल झाला आहे. ब्लड कल्चर म्हणजे रक्त बाटल्यांत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघणं. आधी मेसेजमधलं त्वचेचं बघू, कारण बाकी सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. हातावर कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून रक्त घेतात तिथे, कायम वस्तीला असतो तो स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि त्याचे भाऊबंद. एका बाटलीत तो उगवला आणि रुग्णाच्या शरीरात हृदयाची कृत्रिम झडप किंवा सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, नसेल, तर नमुना दूषित म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. ऑरियसची नेहमीची जागा नाकपुडीच्या आत. तिथेही तो साधारण चारपैकी एका माणसाकडेच सापडतो. काखेत, जांघेत, इसबाच्या चट्ट्यांवर असू शकतो, पण स्पिरिटने पुसलेल्या हातावरून बाटलीत शिरणं त्याच्या बाबतीत फार क्वचित घडतं. कधीच घडत नाही असं मी म्हणत नाही. पण तसं घडलंय हे सिद्ध करणारी कोणतीही चाचणी नाही, आणि खरा संसर्ग असताना तो सोडून दिला तर माणूस जातो. उपचार मिळूनही या संसर्गात साधारण पाचापैकी एक रुग्ण दगावतो. म्हणून एक बाटलीसुद्धा पुरेशी मानतात.

हा गोंधळ होतो कुठे तेही सांगते. बाटलीत जंतू वाढले की मशीन वाजतं, आणि लॅब त्यातला थेंब काचपट्टीवर रंगवून बघते. घोसाघोसाने बसलेले जांभळे गोल जंतू दिसतात आणि ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, घोसात’ असा फोन वॉर्डात जातो. या क्षणी एपिडर्मिडिस आणि ऑरियस सारखेच दिसतात. खरी ओळख पटते कोअॅग्युलेज चाचणीने किंवा नव्या यंत्रांनी, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. पहिल्या फोनवर कुणीतरी “त्वचेवरचा असेल” म्हणून टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी नाव आलं तरी मनातला शिक्का पुसला जात नाही.

मग एकच बाटली का? प्रौढांच्या रक्तात जंतू फार विरळ असतात, कित्येकदा एका मिलीलिटरमध्ये एकही नसतो. प्रत्येक बाटलीत जेमतेम ८ ते १० मिली रक्त जातं. त्यातून आधी अँटिबायोटिकचा एखादा डोस झाला असेल तर तीन बाटल्या कोऱ्या राहणं अगदी शक्य आहे.

आता एक रुग्ण डोळ्यांपुढे ठेवू. रुग्ण काल्पनिक आहे, पण असा क्रम नेहमी बघायला मिळतो. छप्पन्न वर्षांच्या बाई, मधुमेह. उलट्यांसाठी दाखल झाल्या, तीन दिवस हातात सलाइनची सुई. सुईच्या जागी लाली आली, शीर दोरीसारखी कडक झाली, थंडी वाजून ताप आला. चारपैकी एक बाटली पंधरा तासांत पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी नाव कळलं: ऑरियस, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दबणारा. सुई काढली, पॅरासिटामॉल चालू होतं, ताप खाली आला. व्हायरल मेसेजच्या हिशेबाने इथे सुट्टी.

पण सुई काढल्याने जंतूंची पुढची आवक थांबते, आधीच रक्तात उतरलेले जंतू तिथून बाहेर निघत नाहीत. ऑरियसच्या पृष्ठभागावर फायब्रिन आणि फायब्रोनेक्टिनला चिकटणारी प्रथिनं असतात. रक्तवाहिनीच्या अस्तराला, खरचटलेल्या झडपेला, मणक्यांच्या गादीशेजारच्या हाडाला तो धरून बसतो आणि तिथे पू तयार करतो. म्हणून या बाईंना त्याच दिवशी शिरेतून सेफॅझोलिन सुरू झालं (जंतू मेथिसिलिनला दाद न देणारा असता तर व्हँकोमायसिन), आणि रक्त पुन्हा तपासलं गेलं. अट्ठेचाळीस तासांनी, योग्य औषध चालू असताना, कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह.

या एका निकालाला माझ्या लेखी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन आहे. औषध बरोबर आहे, सुई निघाली आहे, तरी जंतू रक्तात येतोय, म्हणजे कुठेतरी साठा आहे. तो शोधायची सुरुवात यंत्रापासून होत नाही, रुग्णापासून होते. कुठला सांधा सुजलाय? डोळ्याने धूसर दिसतंय? धाप, डाव्या बरगडीखाली दुखणं, नखांखाली किंवा तळव्यावर नवे ठिपके? पाठ दुखते का? बाई म्हणाल्या, “दुखते, पण ती या पलंगामुळे.” एकेका मणक्यावर हलक्या मुठीने ठोकत गेल्यावर कमरेच्या एका जागी त्या कळवळल्या. एमआरआयमध्ये तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यामधली गादी संसर्गग्रस्त आणि मज्जारज्जूच्या नळीत, आवरणाबाहेर, पुवाचा छोटा साठा. पायांत ताकद शाबूत होती, म्हणून शस्त्रक्रिया न करता औषधांवर आणि रोजच्या तपासणीवर भागलं. तो साठा वाढून नसा दाबल्या गेल्या असत्या तर लघवी अडणं, पाय लुळे पडणं काही तासांतही होऊ शकतं, आणि गेलेली ताकद परत येईलच असं नाही. एमआरआयलाही मर्यादा आहे: पहिल्या काही दिवसांत तो साफ दिसू शकतो. दुखणं टिकलं तर आठवड्याभराने पुन्हा करावा लागतो.

ताप उतरण्याबद्दल एवढंच. योग्य औषधानंतर बहात्तर तासांपुढे ताप टिकला तर तो धोक्याचा इशारा, पण तो उतरला म्हणजे साठा नाही असं उलटं म्हणता येत नाही. पॅरासिटामॉल, स्टेरॉइड, वय, मधुमेह, सगळे ताप झाकतात.

हृदयाची इको प्रत्येक प्रौढ रुग्णाची करतात, कारण झडपेवर बसलेला ऑरियस सुरुवातीला आवाज न करता ती कुरतडत असतो. छातीवरून केलेल्या इकोत झडपेवरची जंतूंची छोटी गाठ निसटू शकते. रक्तात जंतू टिकून राहिले, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असला, किंवा संसर्ग कुठून आला तेच कळलं नाही, तर अन्ननलिकेतून इको करतात. या बाईंची तीही केली. झडपा स्वच्छ निघाल्या.

राहिलं निगेटिव्ह कल्चर. या जंतूच्या संसर्गात एक दिवस कोरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पॉझिटिव्ह असं दिसतं, म्हणून एकाच कोऱ्या निकालावर न थांबता आणखी एक करणं शहाणपणाचं. कोरं कल्चर आधीचं पॉझिटिव्ह रद्द करत नाही, ते फक्त दिवस मोजायला सुरुवात करून देतं. कुठेही साठा नाही, झडपा ठीक, कृत्रिम भाग नाही, ताप आणि कल्चर वेळेत साफ, अशा सोप्या रुग्णालाही त्या दिवसापासून किमान १४ दिवस औषध लागतं. या बाईंचं चौथ्या दिवसाचं कल्चर कोरं आलं, पाचव्याचंही. मणक्यासाठी चौथ्या दिवसापासून मोजून किमान ६ आठवडे ठरले. सुट्टीच्या कागदावर ती तारीख ठळक लिहून घ्या, आणि सोबत हेही: पाठदुखी वाढली, पायात मुंग्या आल्या किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी परत यायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.