सडात सोडलेले औषध आणि प्रतीक्षाकाळाचा हिशेब

"दूध चांगलं उकळलं आणि चिकन नीट शिजवलं की त्यातलं अँटिबायोटिक मरून जातं. जनावर बरं झालं म्हणजे औषध अंगातून गेलंच. आणि गाईच्या एकाच सडात औषध सोडलं असेल, तर बाकीच्या तीन सडांचं दूध काढून मोठ्या टाकीत मिसळलं तर थेंबभर औषधाने काय होणार?"

सुरुवात 'मरून जातं' या शब्दांपासूनच केली पाहिजे. उष्णतेने मरतात ते जिवाणू. अँटिबायोटिक हे रसायन आहे आणि ते टिकते की विघटित होते, हे त्याच्या रचनेवर ठरते. पाश्चरीकरणात पेनिसिलिन जवळजवळ तसेच राहते आणि नेहमीच्या उकळीतही त्याचा थोडाच भाग नष्ट होतो. टेट्रासायक्लिन शिजवताना बरेच कमी होते, पण पूर्णपणे जात नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन तर उष्णतेला चांगलेच दाद देत नाही. मांसातले त्याचे प्रमाण घटलेले दिसले, तरी त्यातला काही भाग रश्शात उतरलेला असतो.

जनावर बरे होणे आणि औषध शरीरातून उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. औषधाची पातळी जिवाणू रोखण्याच्या मर्यादेखाली आली, की उपचाराच्या दृष्टीने त्याचे काम संपते. पण अन्नातील अवशेषांची कमाल मर्यादा बहुधा त्याच्याही पुष्कळ खाली असते. समजा, दुधात एका किलोमागे 640 मायक्रोग्रॅम औषध आहे आणि दर 12 तासांनी ते निम्मे होते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्सने दुधातील बेंझिलपेनिसिलिनसाठी घातलेली मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे. तिच्याखाली येण्यासाठी ते आठ वेळा निम्मे व्हावे लागेल, म्हणजे चार दिवस लागतील. गाय मात्र दुसऱ्याच दिवशी वैरण खाऊ लागलेली असते.

अंड्यांच्या बाबतीत हा विलंब आणखी लांबतो. पिवळ्या बलकाचा मोठा भाग अंडे घातले जाण्यापूर्वीच्या साधारण दहा दिवसांत थराथराने साठतो, त्यामुळे पाण्यातून दिलेले औषध बंद केल्यानंतर आठवडाभराने आलेल्या अंड्यातही त्या दिवसांचा थर असू शकतो. कोंबडी ठणठणीत दिसते की नाही, याचा येथे संबंधच नाही.

आता टाकीचा हिशेब, कारण दाव्यातला सर्वांत पटण्यासारखा आणि सर्वांत चुकीचा भाग तोच आहे. कासदाहावर सडातून सोडायच्या एका नळीत 200 मिलिग्रॅम पेनिसिलिन आहे असे धरू. त्याचा अवघा शंभरावा भाग, म्हणजे 2 मिलिग्रॅम, एका धारेत उतरला, तरी ते 2000 मायक्रोग्रॅम झाले. किलोमागे 4 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत ते पातळ करायला 500 किलो दूध लागेल. एका गाईची एक धार अर्ध्या टनाची टाकी मर्यादेवर आणून ठेवू शकते! शिवाय सडात सोडलेले औषध कासेतून रक्तात शोषले जाते आणि रक्तातून उरलेल्या सडांच्या दुधात उतरते. म्हणून प्रतीक्षाकाळात, म्हणजे औषध दिल्यानंतर दूध वापरायचे नसते त्या मुदतीत, चारही सडांचे दूध बाजूला काढायचे असते.

हा प्रतीक्षाकाळ, म्हणजेच विथड्रॉवल पिरियड, शेवटच्या मात्रेपासून मोजायचा असतो, पहिल्या मात्रेपासून नव्हे. तीन दिवस उपचार चालले आणि लेबलवर 72 तास लिहिले असतील, तर मोजणी तिसऱ्या दिवशीच्या नळीनंतर सुरू होते, आणि दिवसाला दोन धारा काढत असल्यास त्यानंतरच्या सहा धारा टाकाव्या लागतात. ही मुदत सरासरी गाईवरून काढलेली नसते. उपचार केलेल्या अनेक जनावरांच्या दुधात औषध कसे उतरते हे मोजून, औषध सावकाश बाहेर टाकणारी जनावरेही मर्यादेखाली येतील इतका वेळ संख्याशास्त्राने ठरवतात. मात्र ती त्याच उत्पादनाला, त्याच मात्रेला, त्याच मार्गाला आणि त्याच प्रजातीला लागू असते. मात्रा वाढवली, दोन औषधे एकत्र दिली किंवा दुभत्या गाईसाठी नसलेले भाकडकाळातले औषध वापरले, की लेबलवरचा आकडा निरर्थक ठरतो आणि नवी मुदत पशुवैद्यकानेच ठरवावी लागते. दूध फार कमी देणाऱ्या, कास खूप सुजलेल्या गाईत औषध उतरायलाही वेळ लागू शकतो.

शंका असल्यास डोळ्यांनी किंवा वासाने काहीच कळत नाही. दूध संकलनात वापरली जाणारी एक चाचणी साधी आहे: औषधाला अतिशय संवेदनशील अशा जिवाणूचे बीजाणू असलेल्या जांभळ्या जेलवर दुधाचे काही थेंब घालून ते सुमारे 64 अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. जिवाणू वाढले, तर त्यांच्या आम्लाने जेल पिवळे होते. ते जांभळेच राहिले, तर दुधात वाढ रोखणारे काहीतरी आहे. दह्याचे विरजण न लागणे ही त्याच कारणाची ओबडधोबड खूण असू शकते, पण विरजण जुने असले तरी तेच घडते. उलट, दही उत्तम लागले म्हणून दूध निर्धोक ठरत नाही, कारण विरजणातले जिवाणू थोडेसे अवशेष सहन करतात, आणि पेनिसिलिनची तीव्र ऍलर्जी असलेल्या माणसाला तेवढेही चालेलच असे नाही.