फुलांचे फोटो टाकणं बंद करा, हात जोडून सांगते

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आमच्या घरच्या ग्रुपवर 41 माणसं आहेत. सकाळी साडेपाचपासून गुलाब, वाफाळता चहा, उगवता सूर्य, समई आणि चमचमणाऱ्या अक्षरातलं 'शुभ सकाळ'. आठ वाजेपर्यंत पंचवीस-तीस चित्रं. त्यांतली निम्मी दोन बाणांची, म्हणजे 'Forwarded many times' असा शिक्का असलेली. ज्याने ते टाकलं त्याने स्वतः तरी पाहिलं का, हाही प्रश्नच आहे. एकच गणपती तीन काकांकडून तीनदा येतो!

मे महिन्यात मी ठरवलं की नुसती कुरकुर करण्यापेक्षा काहीतरी करू. रोज सकाळी सात वाजता एकच मेसेज, घरच्यांसाठी घरच्याच माणसाने लिहिलेला, आणि प्रत्येक वाराला वेगळा विषय. सोमवारी म्हण, मंगळवारी घरातल्या जुन्या माणसाची एक आठवण, बुधवारी अभंगाचं एक कडवं आणि ते कुणाचं ते, गुरुवारी स्वयंपाकघरातला एक प्रश्न, शुक्रवारी पुढच्या आठवड्यातले वाढदिवस आणि वर्षश्राद्धं, शनिवारी मुलांसाठी कोडं. रविवारी मी लिहायचं नाही, पाळीपाळीने दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. सगळं चार-पाच ओळींत. मेसेज लांबला की खाली 'Read more' येतं आणि ते दाबायचं आमच्या मोठ्या मावशीला कळत नाही, तिला वाटतं मेसेज तिथेच संपला. चित्र नाही, कारण तिचा फोन कायम भरलेला असतो. वाराचं नाव ठळक दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना चांदणी, अशी:

```
*सोमवार* : आजची म्हण
पडतील मघा, नाहीतर ढगाकडे बघा.
यंदा तुमच्याकडे मघा कशा पडल्या?
```

चांदणी आणि अक्षर यांच्यात जागा सुटली तर अक्षर ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात. एवढं एवढं बघून मी रोज रात्री मेसेज लिहून ठेवायचे.

शेवटची ओळ प्रश्नाची असते ती मुद्दाम. गुलाबाला काय उत्तर देणार? हात जोडलेले टाकायचे आणि पुढे जायचं. प्रश्न विचारला की माणूस बोलतो. मघांच्या त्या मेसेजवर गावाकडच्या मामांनी दोन मिनिटं बोलून पाठवलं. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य मघा नक्षत्रात जातो, तो पाऊस झाला तर विहिरींना पाणी चढतं, नाहीतर पुढे आकाशाकडे बघत बसायचं, आणि यंदा आपल्या विहिरीच्या किती पायऱ्या अजून उघड्या आहेत. मामा फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत! आणि तो आवाज कुणी ऐकला? दोघांनी. कारण पुढच्या दहा मिनिटांत त्यावर सोमवारचे अकरा महादेव येऊन बसले. मामांनी नंतर कधीच बोलून पाठवलं नाही.

बुधवारचं तर विचारूच नका. मी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' लिहिलं, खाली सावता माळी, अरण, तालुका माढा, असं स्वच्छ लिहिलं. तासाभरात त्याच ओळी कमळाच्या चित्रावर 'संत तुकाराम' म्हणून आल्या. मी दुरुस्ती केली तर उत्तर काय? "भाव महत्त्वाचा गं." अहो, त्या माणसाने आपल्या मळ्यातल्या भाजीत विठोबा पाहिला, म्हणून ती ओळ आहे. माळ्याची ओळ माळ्याच्या नावाने सांगायला काय जातं? नाव पुसून कसला भाव राहतो?

पण खरा संताप याचा नाही. आमची आत्या साताऱ्याला एकटी राहते, वय 76. गुरुवारच्या प्रश्नाला पहिलं उत्तर तिचंच. अळूच्या भाजीत आंबट काय घालता, असं विचारलं तेव्हा सात वाजून चार मिनिटांनी तिचं आलं होतं: "चिंच. आणि जरा हात सैल सोडून घाल, नाहीतर घसा खवखवेल." त्यावर कोकणातल्या वहिनी आमसूल म्हणाल्या, नागपूरची भाची ताक म्हणाली, आणि आत्या दिवसभर त्यांच्याशी भांडत होती. किती दिवसांनी ग्रुपवर माणसं बोलली! मला तेव्हा कळलं की हा मेसेज म्हणजे हजेरी आहे. आत्याचं उत्तर आलं, म्हणजे आत्या उठली, चहा झाला, बरी आहे.

पुढच्या गुरुवारी तिचं उत्तर आलं नाही. आणि ते कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही. दत्ताची, स्वामींची, साईबाबांची मिळून सत्तावीस चित्रं होती, नंतर मोजली मी. माझा प्रश्नच वर कुठेतरी गेला होता, उत्तरं कोण शोधणार? अकरा वाजता मी वर सरकवत गेले, तेव्हा जाणवलं की आत्या नाही. फोन लावला, उचलला नाही. शेजारच्यांना पाठवलं. ती सकाळी सहापासून मोरीत पडलेली होती, खुब्याचं हाड मोडलेलं. पाच तास. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ग्रुपवर त्या सकाळी तिचं चित्र होतं. पावणेसहाला तिने एक जास्वंद पुढे पाठवलेली, त्यामुळे दादाला वाटलं होतं, "आत्या आज आहे की ग्रुपवर." चित्र एका बोटाने जातं. त्यावरून माणूस बरा आहे की नाही ते कळत नाही.

हे सगळं मी घरात सांगितलं. तर म्हणे, "मग सेटिंग बदल, फक्त अॅडमिननेच लिहायचं असं कर." म्हणजे गुलाब बंद करायला आत्याचंही तोंड बंद करायचं? म्हणे, "ब्रॉडकास्ट लिस्ट कर." त्यात ज्याने माझा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच मेसेज जातो, आणि उत्तर एकट्या मला येतं. वहिनी आणि आत्या भांडणार कुठे? म्हणे, "मनावर घेऊ नकोस, सकाळी देवाचं दर्शन होतं." दर्शन घ्या ना! देवघरात घ्या, कोण नाही म्हणतंय? काकांनी तर मला वेगळं बोलावून सांगितलं की वडीलधाऱ्यांच्या चित्रांना नावं ठेवू नयेत. काका, मी चित्रांना नावं ठेवत नाही. तुम्ही एक ओळ स्वतः लिहा. 'आज गुडघा दुखतोय' लिहा. 'दूधवाला आला नाही' लिहा. मी ती शंभर वेळा वाचेन.

आत्या आता पुण्याला माझ्याकडे आहे, वॉकर घेऊन चालते. उद्या गुरुवार. प्रश्न तिनेच सांगितलाय: भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट की खोबरं? मी सात वाजता टाकणार आहे. सात ते आठ, फक्त एक तास, कुणीही फूल टाकू नका. 41 जण आहोत, उत्तरं मी एकेक मोजणार आहे, आणि ज्याचं आलं नाही त्याला फोन लावणार आहे.