हिरवी वेलची रंगवलेलीच असते का?

"बाजारातली हिरवीगार वेलची रंग देऊन हिरवी केलेली असते. अस्सल वेलची उन्हात वाळते, म्हणून ती पांढरट दिसते. पांढरट आणि मोठी वेलची बघूनच घ्या."
(नाशिकमध्ये मोबाइलवर फिरणारा संदेश)

वेलदोड्याचे बोंड झाडावर हिरवेच असते, त्यामुळे खरा प्रश्न वाळवताना तो हिरवेपणा टिकवला की घालवला एवढाच आहे. केरळच्या इडुक्की भागात तोडलेली बोंडे धुतात, अनेक ठिकाणी धुण्याच्या सोड्याच्या दोन टक्के द्रावणात दहा मिनिटे बुडवतात आणि मग बंद, अंधाऱ्या भट्टीघरात साधारण ४५ ते ५५ अंश सेल्सिअसवर सुमारे दिवसभर वाळवतात. आम्लामुळे हरितद्रव्य तपकिरी पडते. सोडा ते रोखतो. उष्णता याहून बरीच वाढली, तर साल तपकिरी होते आणि सुगंधी तेल उडू लागते. निफाड-पिंपळगावकडे हिरवा बेदाणा शेडच्या सावलीत का वाळवतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

उन्हात वाळवलेली वेलचीही खरीच असते, पण तिला काही दिवस लागतात, रंग उडतो आणि बरीच बोंडे तडकतात. तडकलेल्या बोंडातून वास लवकर जातो. शिवाय एकसारखी पांढरी वेलची पूर्वापार गंधकाचा धूर देऊन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करूनही बनवली जाते. म्हणजे रसायनाच्या भीतीने पांढरी निवडणारा ग्राहक नेमका प्रक्रिया केलेला मालच घरी नेण्याची शक्यता असते.

संदेशात तथ्याचा एक अंश आहे: फिकट पडलेल्या मालाला कृत्रिम हिरवा रंग देण्याचे प्रकार घडतात. ओल्या पांढऱ्या कापसाने बोंड चोळल्यावर कापूस गडद हिरवा झाला, तर तो माल परत करावा. कापूस स्वच्छ राहिला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण ही केवळ प्राथमिक चाचणी आहे.

आकाराचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. प्रतवारीत ८, ७ आणि ६ मिलिमीटरच्या चाळण्या वापरतात, पण व्यापारी चाळणीवर थांबत नाही; तो एक लिटर मापात बसणाऱ्या वेलचीचे वजन पाहतो. एकाच चाळणीवरचे दोन ढीग घ्या: एकाचे लिटर ४३० ग्रॅमच्या आसपास भरते, दुसऱ्याचे ३६०. आकार सारखा असूनही दुसऱ्या ढिगात बोंडे कोवळी तोडलेली आहेत, कारण एका घोसातील बोंडे एकाच वेळी पिकत नाहीत आणि मजुरीचे फेरे वाचवण्यासाठी सगळीच खुडली, की कोवळी बोंडे वाळल्यावर आतून पोकळ राहतात. रविवार कारंजावरच्या दुकानात लिटरचे माप मागणे जमणार नसेल, तर दोन-चार बोंडे सोलून पाहावीत: पक्व दाणे काळसर, भरीव आणि किंचित चिकट असतात, तर कोवळे फिकट आणि सुरकुतलेले.