पोट्टीनं भाव पाडला म्हणे!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर भाचीनं नोकरीच्या पगाराबद्दल संस्थेला केलेला तिचा एक मेल टाकला. कौतुकानं टाकला बिचारीनं. तर तिच्या मोठ्या बाबांचं उत्तर आलं, "पोट्टीनं आपलाच भाव पाडला बाप्पा! आधी तीस म्हणायचं अन् मग बावीसवर यायचं, हे काऊन?" खाली चार जणांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

पोरीनं अर्ज केला तो कापूस प्रकल्पातल्या फील्डच्या कामासाठी. जाहिरातीत ठिकाण फक्त 'यवतमाळ जिल्हा'. ऑनलाइन फॉर्ममध्ये अपेक्षित पगाराचा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढंच जात नाही. मग तिनं अंदाज बांधला. यवतमाळला खोली ४ हजार, मेस ३ हजार, गावोगाव फिरायला पेट्रोल ३ हजार, अन् घरी द्यायला आणि स्वतःला मिळून २० हजार. झाले ३०. हवेतून नव्हता काढला आकडा.

मुलाखतीत कळलं की ऑफिस पांढरकवड्याला आहे. म्हणजे घरूनच जाणं-येणं. पेट्रोल किलोमीटरप्रमाणे संस्था देणार. ३० मधले १० हजार ज्या खर्चासाठी धरले होते, तो खर्चच गेला. संस्थेनं बजेटही सांगितलं, २६ हजार सीटीसी, म्हणजे संस्थेचा तिच्यावरचा महिन्याचा एकूण खर्च. आता तीसवर अडून बसायचं ते कशासाठी? माज म्हणून?

मोठे बाबा, तुम्ही ट्रॅक्टर भाड्यानं देता, तेव्हा वावर न पाहता एकरी भाव सांगता का? काळी चिकण जमीन आहे की मुरमाड, पऱ्हाटी उपटली की तशीच उभी, हे पाहूनच बोलता ना? मग पोरीनं काम पाहून आकडा बदलला तर लाचारी कशी झाली?

आणि तिनं लिहिलं काय तेही वाचा, ग्रुपवर कोणी शेवटपर्यंत वाचलं नसेलच:

"कालच्या मुलाखतीबद्दल आभार. अर्जातली ३० हजारांची अपेक्षा मी यवतमाळला राहून, स्वतःच्या पेट्रोलनं फिरायचं आहे असं धरून लिहिली होती. ऑफिस पांढरकवड्याला आहे आणि पेट्रोल संस्था देते, हे काल कळलं. त्या हिशोबानं हातात २२ ते २४ हजारांच्या दरम्यान बोलायला मी तयार आहे. पेट्रोल भत्ता आणि पीएफ ऑफर लेटरमध्ये लिहून मिळावा, आणि सहा महिन्यांनी पगाराचा पुन्हा विचार व्हावा, ही विनंती."

यात "तुम्ही द्याल ते चालेल" कुठं आहे? आधीचा आकडा का होता, नवीन काय कळलं, म्हणून आता किती, आणि त्या बदल्यात काय लिहून पाहिजे. एवढंच. उद्या पेट्रोल दिलं नाही तर तिला आकडा परत वर नेता येतो, कारण आकडा कशावर उभा आहे ते मेलमध्येच लिहिलंय.

'हातात' हा शब्द मीच घालायला लावला. २६ सीटीसी म्हणजे २६ हातात नाही. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर धरला, तर संस्थेच्या वाट्याचे १,८०० त्यातच मोजलेले असतात, अन् तिच्या वाट्याचे १,८०० पगारातून कापतात. राहिले २२,४००. बाईमाणसाला महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, नाहीतर आणखी २०० गेले असते. ग्रॅच्युइटी-विमा सीटीसीत मोजला तर अजून कमी. म्हणून खालचा आकडा २२. घासाघीस करणारे नेहमी खालचाच आकडा धरतात, तो आपल्याला खरंच परवडेल असाच लिहावा. तिची गरज २० ची होती, बावीसमध्ये तरी दोन सुटतात.

बरं, मानतो, काही ठिकाणी 'लवचिक' म्हटलं की पिळतात. नुसतं "आय ॲम फ्लेक्सिबल" लिहून पाठवणाऱ्यांना तर पिळणारच.

आणि हे खालीच जायचं असं कोणी सांगितलं? ओळखीतल्या एका पोराला जिनिंगमध्ये हिशोबाला म्हणून बोलावलं. बोलता बोलता कळलं की गठाणींचा स्टॉक, गेटपास, हंगामात रात्रीचा काटा, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यानंही असाच मेल करून आकडा वर न्यायला पाहिजे होता. तो लाजला. सही झाल्यावर आता कोण ऐकतो! जे काय ते ऑफर यायच्या आधी, मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी.

राग आला म्हणून जास्त बोललो असेन. मोठ्या बाबांचा जीव आहे पोरीवर, हे मला माहीत आहे. तिच्या कॉलेजची फी त्यांनीच भरली होती, तूर विकून. पोरगी स्वस्तात जाईल ही भीतीच बोलली त्यांच्या तोंडून. पण मग फोन करून विचारायचं ना, ग्रुपवर काऊन?

संध्याकाळी तिचाच फोन आला. संस्थेनं उत्तर दिलंय, आकडा जमतो म्हणे, लेटर पाठवतो. मी म्हटलं, किलोमीटरमागे किती रुपये देणार अन् महिन्याला कमाल किती, ते आधी विचारून घे. म्हणाली, "मामा, तो मेल दुपारीच केला मी."