चिमणीचा नातलग ससाणा

एका शब्दसंग्रहासाठी पक्ष्यांच्या नावांची उतरंड लावून देण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा नियम एकच आणि अगदी सरळ होता: खालच्या शब्दात मोडणारे सगळे वरच्या शब्दात मोडले पाहिजे, आणि वरच्या शब्दात मोडणारे काहीच खालच्यात. प्रत्येक चिमणी पक्षी असते, पण काहीच पक्षी चिमण्या असतात; चिमणी उत्तीर्ण. चोच अनुत्तीर्ण, कारण ती पक्ष्याचा भाग आहे, प्रकार नव्हे. इथवर मी स्वतःवर खूश होतो.

उतरंडीत वर लिहिलेला गुण खालच्या प्रत्येकाला आपोआप लागू होतो, त्यामुळे 'पक्षी'पुढे 'उडतो' एवढे लिहिताच शहामृग आणि पेंग्विन कागदोपत्री हवेत गेले. 'उडतो' खोडून 'अंगावर पिसे असतात' असे केले आणि दोघांना सुखरूप खाली उतरवले.

खरा छळ 'शिकारी पक्षी' या फांदीने मांडला. गरुड, घार, ससाणा आणि घुबड तिच्याखाली गुण्यागोविंदाने बसले होते. तेवढ्यात माझ्या पक्षितज्ज्ञ मित्राने, ज्याला विचारायची काहीच गरज नव्हती, सांगितले की जनुकांच्या अभ्यासानुसार ससाणा गरुडापेक्षा पोपटाला आणि चिमणीला जवळचा आहे. म्हणजे ज्या चिमण्यांचा तो फराळ करतो, त्या त्याच्या नातलग! (अशी नाती माणसांतही असतात, पण तो विषय इथे नको.) वाकडी चोच आणि धारदार नख्या या शिकारीच्या गरजेपोटी दोन घराण्यांत वेगवेगळ्या घडल्या, एवढाच त्याचा अर्थ.

तोडगा असा निघाला की एका पायरीवर विभागणीचा निकष एकच ठेवायचा आणि तो स्पष्ट लिहायचा. 'जीवनपद्धतीनुसार' या पाटीखाली शिकारी पक्षी, पाणपक्षी. 'वंशानुसार' या पाटीखाली गण, कुल, प्रजाती, जाती. ससाण्याला दोन्हीकडे जागा मिळाली, कारण एका शब्दाला दोन पालक असायला हरकत नसते. हरकत असते ती दोन निकष एकाच पायरीवर मिसळायला.

मग मोठ्या उत्साहाने 'निशाचर पक्षी' ही पाटी उघडून मी घुबडाला तिथेही न्यायला निघालो, तर मित्र पुन्हा खाकरला. हिमघुबड दिवसाउजेडीही शिकार करते. 'प्रत्येक घुबड निशाचर असते' हे वाक्य त्यामुळे खोटे ठरले, आणि समस्त घुबडांना रात्रीच्या पाटीवरून उठवून एकेका जातीची वेगळी चौकशी करणे भाग पडले. ती पूर्ण होईपर्यंत त्या पाटीखाली मी निर्धास्तपणे बसवू शकलो तो एकटा काकापो, म्हणजे रात्री हिंडणारा, उडता न येणारा आणि वंशाने ससाण्याच्या नात्यातला एक पोपट.