खुलासा : कप्पी जड असेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो
«दोरी एकच, म्हणजे ताणही एकच. कप्पीचं वजन उगाच दिलेलं असतं, सोडून द्या.»

दादर-परळच्या बारावीच्या ग्रुपांवर फिरणारी ही टिप हलक्या कप्पीपुरती बरोबर आहे. कप्पीच्या चकतीला वस्तुमान असेल, तर तिला फिरवायला टॉर्क लागतो आणि तो दोन बाजूंच्या ताणांतल्या फरकातूनच मिळतो. ताण सारखे धरले, तर चकती फिरायला लागणारच नाही.

टेबलावर m₁ = 2 किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली जाऊन तिला टांगलेलं वजन m₂ = 2 किलो, चकती M = 2 किलोची, ठोकळा-टेबल घर्षणांक μ = 0.2 आणि g = 10 घ्या. वजन 20 न्यूटनने खाली ओढतं, घर्षण 4 न्यूटनने अडवतं, उरले 16. चकतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया ½MR² असल्याने हिशेबात तिचं अर्धंच वस्तुमान येतं, त्रिज्या कटते.

a = (m₂g − μm₁g) / (m₁ + m₂ + M/2) = 16/5 = 3.2 मी/से²

टिपेप्रमाणे 4 आलं असतं. ताळा करायचाच. ठोकळ्याकडचा ताण 4 + 2 × 3.2 = 10.4, वजनाकडचा 2 × (10 − 3.2) = 13.6. फरक 3.2 न्यूटन, आणि ½Ma सुद्धा 3.2. हे जुळलं नाही, तर बहुतेक घर्षणाचं चिन्ह चुकलेलं असतं.

दोरी चकतीवर घसरत नाही आणि आसाला घर्षण नाही, हे मात्र गृहीत आहे. दोरी घसरली, तर हे सूत्र लागू होत नाही.